कंसातले आकडे

‘काळे’ हे आडनाव ‘काशीकर’च्या आधी येतं की नंतर, यावरून नवराबायकोचं बोलणं बंद होऊ शकतं, हे मला लग्नाला वीस वर्षं झाल्यावर कळलं. त्याआधी आमची भांडणं साधी होती. पाहुण्यांवरून, पाण्याच्या टाकीवरून, माझ्या चहाच्या वेळांवरून. पण बायकोने पीएच.डी.चं खूळ घेतलं आणि आमच्या समता कॉलोनीतल्या घरात वर्णमाला शिरली ती शिरलीच.

ती विदर्भातली, मी इथलाच. माझं घराणं रायपुरात इतकं जुनं की आमच्या मराठीला तिच्या माहेरची माणसं हसायची. तिला मात्र त्या मराठीत रस वाटला. रायपूरच्या मराठी घरांत बोलली जाणारी मराठी, तीत हिंदी किती आली, छत्तीसगढी किती आली, पुढची पिढी काय बोलते, असा विषय घेऊन तिने विदर्भातल्या एका विद्यापीठात नाव नोंदवलं. शाळेतली नोकरी सांभाळून पुरानी बस्तीतल्या गल्ल्या फिरली, म्हाताऱ्या माणसांशी बोलली, टेपा भरल्या. प्रबंध चांगला झाला असावा. मी तेव्हा वाचला नव्हता, पण रोज जेवताना ऐकत होतो.

आणि मग मुदत संपत आली. आधी एकदा वाढवून घेतली होती, आता पुन्हा वाढणार नव्हती. महिनाअखेर प्रबंध दाखल झाला नाही तर नोंदणी रद्द, म्हणजे सगळं पहिल्यापासून, आणि पहिल्यापासून करण्याची ताकद तिच्यात उरलेली नव्हती. दाखल करायला मार्गदर्शक मॅडमची सही लागणार. प्रकरणं मॅडमनी पास केली होती. राहिली होती ती शेवटची संदर्भसूची. ती त्यांनी पोस्टाने परत पाठवली, आणि वर पेन्सिलीने लिहिलं, ‘अकारविल्हे नाही. मराठी नोंदींत इंग्रजी आकडे. अशी असेल तर सही नाही.’

‘‘यादी तर आहे ना?’’ मी म्हणालो. ‘‘पुस्तकं सगळी आहेत ना त्यात?’’

‘‘आहेत. पण जशी मिळाली तशी लावली मी. मॅडमले अ पासून पाह्यजे.’’

मी राज्य सरकारच्या एका खात्यात. नवं राज्य झालं तेव्हापासून आमच्याकडे कामच मुळी याद्यांचं. भोपाळहून कोण आलं, कोण परत गेलं, कोण कोणाच्या वर, कोण खाली. लोक ज्येष्ठता यादीवरून कोर्टात जायचे. त्यामुळे यादी म्हटलं की मला हुशारी चढायची. मी म्हटलं, यात काय आहे, टायपिंगवाल्याला सांगू, तो बटन दाबेल, एका मिनिटात लागेल. हे वाक्य बायकोने पुढे मला किती वेळा ऐकवलं त्याची गणती नाही.

टायपिंगवाला पुरानी बस्तीत, देवळाच्या मागच्या गल्लीत. वर्षानुवर्षं कचेरीबाहेर बसून टाइपरायटरवर अर्ज बडवलेला माणूस. राजधानी झाल्यावर गावात अर्जांचा, निविदांचा असा पूर आला की त्याने टाइपरायटर विकून कॉम्प्युटर घेतला. हात तुफान चालायचा. मराठी त्याला येत नव्हती, पण लिपी तीच, म्हणून अक्षर बघून अक्षर टाइप करायचा आणि चुका आमच्यापेक्षा कमी करायचा. मी त्याला सांगितलं, ‘‘भैया, इसको अ से ज्ञ तक लगाना है.’’

‘‘हव, हो जाही,’’ तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी यादी तयार.

ती यादी बघून बायको दुकानातल्या त्याच्या मोडक्या स्टुलावर मटकन बसली. पहिल्या पानावर इंग्रजी आणि मराठी पुस्तकं गुण्यागोविंदाने एकमेकांत मिसळली होती. ‘क’ची मराठी माणसं ‘डी’च्या इंग्रजांत, ‘म’ची माणसं ‘ई’त, आणि ‘ल’ची बिचारी थेट शेवटी ‘वाय’पाशी. शिंदे, चिटणीस, दिघे, ज्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, ते सगळे एका जागी गोळा झालेले. मला वाटलं, माणूस दारू पिऊन बसला असेल.

तसं काही नव्हतं. त्याने बटन दाबलं होतं, मी सांगितलं तसंच. पण त्या काळचा तो फाँट म्हणजे नुसता मुखवटा. ‘क’ काढायचा तर डीचं बटन दाबायचं, आणि आत यंत्राच्या पोटात तो ‘डी’च राहायचा, फक्त पडद्यावर ‘क’ दिसायचा. यंत्राने प्रामाणिकपणे ए पासून झेड लावलं. आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे दिसते म्हणून त्या फाँटात ती आधी दाबायची, एफ बटनाने. म्हणजे ज्या ज्या आडनावाची सुरुवात ऱ्हस्व वेलांटीने, ते सगळे यंत्राच्या हिशेबाने ‘एफ’चे. शिंदे आणि दिघे तिथेच भेटले.

एवढंच असतं तरी चाललं असतं. भैयाला टाइपरायटरची सवय. ओळ संपली की बोट आपोआप एंटरवर. लांब नोंद असली की तिच्या दोन ओळी, आणि यंत्र प्रत्येक एंटरला नवी नोंद समजतं. त्यामुळे क्रम लावताना लेखक एका पानावर गेला आणि त्याचा प्रकाशक, गाव आणि साल भलत्याच पानावर. अर्ध्या यादीला डोकं नव्हतं, अर्धीला पाय नव्हते.

‘‘मैं क्या करूँ दीदी,’’ भैया म्हणाला, ‘‘आपने बोला लगाओ, मैंने लगा दिया.’’ त्याचंही खरंच होतं. त्याच्यावर चिडताही येईना, म्हणून मी घरी येऊन बायकोवर चिडलो.

तेव्हा ठरलं, हाताने लावायचं. फ्लॉपी घरी आणली. मुलगी कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होती म्हणून घरात एक कॉम्प्युटर होता. तिने जुनी, न लावलेली यादी छापून दिली. बायकोने एकेका नोंदीची पट्टी कापली आणि रविवारी सकाळी हॉलमधली चटई रिकामी करून सगळ्या पट्ट्या खाली मांडायला घेतल्या. एप्रिल महिना, रायपूरचा. पंखा लावला की पट्ट्या उडायच्या. पंखा बंद केला की आम्ही भाजून निघायचो. शेवटी घरातल्या सगळ्या स्टीलच्या वाट्या पट्ट्यांवर उपड्या ठेवल्या आणि पंखा एकावर ठेवला.

मॅडमचं पत्र भिंतीला टाचणीने लावलं होतं. मराठी आणि हिंदी पुस्तकं एकत्र, कारण लिपी एक. इंग्रजी पुस्तकं वेगळी, त्यांच्यानंतर, त्यांच्या स्वतःच्या वर्णक्रमाने. ‘ह’नंतर ‘ळ’, मग ‘क्ष’, मग ‘ज्ञ’. अनुस्वाराचं अक्षर काही कोशांत आधी येतं, काहींत बाराखडीच्या शेवटी. तुम्ही एक धरा आणि सोडू नका. मराठी नोंदीत मराठी आकडे, इंग्रजी नोंदीत इंग्रजी. अनुक्रमांक मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत मराठी, सलग.

‘‘हे पत्र आहे की शिक्षा,’’ मी म्हणालो.

‘‘तुम्ही नुसते वाट्या धरा,’’ बायको म्हणाली.

पण मला राहवलं नाही. ‘काळे’ची पट्टी मी ‘कावळे’च्या आधी ठेवली. माझं शिक्षण हिंदी शाळेत. तिथल्या वर्णमालेत ‘ळ’ नाहीच, तेव्हा माझ्या डोक्यात तो ‘ल’चा भाऊ म्हणून ‘ल’च्या शेजारी राहत होता. ल, ळ, व. बायकोने पट्टी उचलून ‘काशीकर’च्या मागे ठेवली. मी परत पुढे आणली. ती म्हणाली, ‘‘काहून हात लावून राहिले तुम्ही? ळ ह च्या नंतर येते. काणे, कावळे, काशीकर, आणि मग काळे.’’ मी म्हटलं, हा कुठला न्याय, दिसायला बोलायला सगळं ल सारखं आणि बसायला ह च्या मागे. ती म्हणाली, न्याय नाही, क्रम आहे. त्यानंतर दुपारच्या जेवणापर्यंत आम्ही बोललो नाही.

‘क्षीरसागर’ मी ‘क’मध्ये टाकले होते, तेही तिने काढून शेवटी नेले. ज्ञातिबांधवांची माहिती देणारी एक जुनी पुस्तिका होती, तिच्यावर लेखकाचं नावच नव्हतं. ती पुस्तिकेच्या नावावरून लावायची, म्हणजे ‘ज्ञ’त, म्हणजे अगदी शेवटची. बाकी हिंदी शब्दकोशाप्रमाणे हे सगळं ‘क’ आणि ‘ज’मध्येच बसलं असतं आणि जग काही बुडालं नसतं. पण मॅडमच्या जगाचं मला काय ठाऊक.

मुलगी खोलीतून बाहेर आली, वाट्यांकडे बघितलं आणि म्हणाली, ‘‘मम्मी, ये एक्सेल में नहीं हो सकता क्या?’’

‘‘नाही होत. ये, मदत कर.’’

ती बसली. बिचारी मनाने बसली. पण थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं, प्रत्येक पट्टीला ती विचारत होती, ‘‘प के बाद क्या आता है? फ? फिर?’’ तिला मराठी सगळी समजायची, उत्तर हिंदीत यायचं, वाचतानाही अडायची नाही. पण अक्षरांची रांग तिच्या डोक्यात ए बी सी डीचीच होती. मग तिला इंग्रजी पट्ट्या दिल्या. त्या तिने सटासट लावल्या आणि परत खोलीत गेली. आमचं मराठीचं संध्याकाळी संपलं. एका दोऱ्यात पट्ट्या ओवून मी त्या भिंतीवर टांगल्या आणि पहिल्यांदा पंखा पाचावर केला. वाटलं, सुटलो.

मग बायको म्हणाली, ‘‘आता कंसातले आकडे.’’

मला कळेना. तिने प्रबंध उघडून दाखवला. मजकुरात जिथे जिथे कोणाच्या पुस्तकाचा आधार घेतला होता तिथे तिने कंसात आकडा घातला होता. पहिला आकडा यादीतला अनुक्रमांक, मग स्वल्पविराम, मग पृष्ठ. वाचणाऱ्याने कंसातला आकडा बघायचा, मागे यादीत त्या क्रमांकावर कुठलं पुस्तक ते शोधायचं. आता यादी नव्याने लागली म्हणजे सगळे अनुक्रमांक बदलले. पाचव्या क्रमांकावरचं पुस्तक बाराव्यावर गेलं, बारावं तिसावर. म्हणजे पूर्ण प्रबंधभर प्रत्येक कंस आता खोटं बोलत होता.

मला खरोखर राग आला. यादीचा, मॅडमचा, अ पासून ज्ञ पर्यंत सगळ्यांचा. मी म्हणालो, ‘‘राहू दे. यादी सुंदर लागली आहे, मॅडम खूश होतील. कंस कोण बघतं?’’

‘‘मी पाह्यते,’’ ती म्हणाली.

‘‘तारीख जाईल.’’

‘‘जाऊ दे. खोटे आकडे घालून नाही देत मी.’’

तारीख गेली तर काय होणार हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. रात्री स्वयंपाक न करता ती जुना-नवा तक्ता करत बसली. डावीकडे जुना क्रमांक, उजवीकडे नवा.

तो तक्ता मी भैयाकडे नेला. तो म्हणाला, यात काय, शोधा-बदला करतो, पाच शोधा, बारा घाला, पुढे. ‘‘दो घंटा में दे दूँगा.’’ दिला त्याने दोन तासांत. घरी आणून बायकोने पहिलं पान पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. त्याने पाचाचे बारा केले. मग बाराचे तीस करायची पाळी आली तेव्हा यंत्राने खरे बारा तर बदललेच, पण नुकतेच पाचाचे झालेले बारासुद्धा तीस करून टाकले. पुढे तिसाचे आणखी काहीतरी झाले. तक्त्याच्या शेवटी पोचेपर्यंत कोण कुठून आला होता हे देवालाही सांगता आलं नसतं.

वर त्याने आणखी एक उपकार केला होता. मॅडमना मराठी आकडे पाहिजेत हे मी त्याला सांगितलं होतं, म्हणून त्याने पूर्ण फाइलभर सगळे इंग्रजी आकडे एका दमात मराठी केले. पण इंग्रजी नोंदी दुसऱ्या फाँटात होत्या. तिथे मराठी आकड्यांचे कोड गेल्यावर सालांच्या जागी खंजीर, टोप्या आणि टिंबं उमटली. कुठलं पुस्तक कधी निघालं हे आता कोणालाच कळण्यासारखं नव्हतं. मी खुर्चीत बसून ती टिंबं मोजत राहिलो.

जुनी फाइल मुलीने तिच्या कॉम्प्युटरवर उतरवून ठेवली होती म्हणून वाचलो. तिथपर्यंत परत गेलो आणि बायको पडद्यासमोर बसली. मी मागे येरझाऱ्या घालत होतो. ती तक्ता पुढे ओढून म्हणाली, ‘‘जुने आकडे सगळे इंग्रजी आहेत ना?’’

‘‘हो. तोच तर मॅडमचा आक्षेप.’’

‘‘आणि नवे मराठी पाह्यजेत. मग पाचाचे बारा करताना बारा मराठीतच घालायचे. इंग्रजी बारा शोधले तर मराठी बाराले यंत्र हात नाही लावत. त्याच्या पोटात तो वेगळाच कोड आहे. जो आकडा अजून इंग्रजी दिसते, तो बदलायचा राहिला आहे.’’

इतके दिवस ज्या आकड्यांच्या हट्टापायी मी मॅडमना शिव्या घालत होतो, त्याच हट्टात वाट निघाली होती. आमच्या खात्यातल्या कुठल्या अधिकाऱ्याला हे सुचलं असतं असं मला वाटत नाही, आणि मला तर नक्कीच सुचलं नव्हतं.

पुढचं काम मुलीने केलं. शोधताना सुरुवातीचा कंस, आकडा आणि स्वल्पविराम असं एकत्र शोधायचं, म्हणजे एक शोधताना बारातला एक सापडत नाही. बदलताना ऑल्टचं बटन दाबून मराठी आकड्याचा कोड मारायचा. शून्य सोडलं तर जो आकडा काढायचा तोच त्या कोडचा शेवटचा आकडा असायचा, त्यामुळे तिला पाठ व्हायला वेळ लागला नाही. बायको तक्त्यातून मोठ्याने वाचायची, ‘‘फाइव्हचे ट्वेल्व,’’ आणि मुलीची बोटं चालायची. पृष्ठांचे आकडे सर्वांत शेवटी बदलले, आणि इंग्रजी यादीला, अनुक्रमांक सोडून, हात लावला नाही. कॉलेजची परीक्षा तोंडावर असताना मुलीने दोन संध्याकाळी दिल्या, कुरकुर न करता. मला तिचं फार कौतुक वाटलं, आणि मी ते तिला हिंदीत सांगितलंही.

मुदतीच्या शेवटच्या दिवसाच्या आदल्या दिवशी आम्ही तिघं गाडीत बसलो. मॅडमचं गाव अर्ध्या दिवसाच्या अंतरावर. मुलीला घरी एकटी ठेवायची नाही म्हणून तीही सोबत. दुसऱ्या दिवशी सकाळीच मॅडमच्या घरी. साध्या कॉटनच्या साडीतल्या, बारीक चणीच्या बाई. मला वाटत होतं कोणीतरी धिप्पाड असेल. त्यांनी पाणी दिलं, चहा दिला, आणि बांधलेला प्रबंध हातात घेऊन थेट मागची यादी उघडली. बोट वरून खाली फिरवलं. काशीकर, काळे. पान उलटलं. ‘ह’, ‘क्ष’, ‘ज्ञ’. पुढे इंग्रजी. सालं तपासली.

‘‘यादी छान लागली,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आता कंस बघू. सहीच्या आधी मी नेहमी तीन कंस बघते.’’

माझी बायको आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे विजयाने बघून हसली. कंस कोण बघतं म्हणे.

नव्या सूचीची एक सुटी प्रत आम्ही सोबत आणली होती, ती त्यांनी स्वतःसमोर ठेवली. प्रबंध बायकोच्या पुढे सरकवला, आणि मग परत ओढून घेतला. ‘‘तुम्ही नको. तुम्हाला पाठ असेल. साहेबही नकोत.’’ आणि मुलीकडे वळल्या. ‘‘तू वाच गं. कुठलंही पान उघड. ज्याचं नाव आहे ते वाच आणि कंसातला पहिला आकडा सांग.’’

मुलीने मध्येच एक पान उघडलं. नाव नीट वाचलं. कंस बघितला. ‘‘ट्वेंटी थ्री.’’

मॅडमनी यादीत तेविसावर बोट ठेवलं. मान हलवली. बरोबर.

दुसरं पान. मुलीने नाव वाचलं, आणि कंसाकडे थोडं जास्त वेळ बघून म्हणाली, ‘‘फोर्टी नाइन.’’

मॅडमचं बोट एकोणपन्नासावर थांबलं. तिथे भलताच माणूस होता. ‘‘आणखी एक.’’

‘‘सिक्स्टी फोर,’’ मुलगी म्हणाली. तेही चुकलं.

मॅडमनी पेन उघडून ठेवलं होतं. त्याला टोपण घातलं. त्यांचा आवाज चढला नाही, म्हणून जास्त लागलं. ‘‘तीनातले दोन चुकले म्हणजे सगळंच पुन्हा बघावं लागेल. आणि उद्यापासून मुदत नाही. मी काय करू, तुम्हीच सांगा.’’

मला भैया आठवला, त्याचे बारा आणि तीस आठवले. कुठेतरी पुन्हा तेच झालं असणार. चटई, वाट्या, तो एप्रिल, सगळं फुकट गेलं. बायको जागेवरून उठली आणि मुलीच्या खांद्यावरून त्या पानाकडे बघत उभी राहिली. मी म्हटलं, काय झालं. मग तिने पान उलटून आधीचं पाहिलं.

मीही उठून बघितलं. कंसात ५१ होतं. दुसऱ्या पानावर ७५. छापलं होतं बरोबर. पोरीने पाचाला चार वाचलं होतं, एकाला नऊ, साताला सहा. दोन आणि तीन मात्र इंग्रजीसारखेच दिसतात.

त्या दोन संध्याकाळी तिने शेकड्यांनी मराठी आकडे टाइप केले होते आणि एकही वाचला नव्हता. तिला वाचायची गरजच पडली नव्हती. कोडचा शेवटचा आकडा तोच होता. तिच्या शाळेच्या हिंदी पुस्तकातसुद्धा आकडे इंग्रजीच होते. आम्ही घरात कधी विचारलं नव्हतं, कारण असं काही विचारायचं असतं हेच आम्हाला सुचलं नव्हतं.

आता हे मॅडमना सांगायचं होतं. मी सांगितलं असतं, काहीतरी सावरून सांगितलं असतं, डोळे दुखतात, प्रवास झाला, अक्षर बारीक आहे. तोंड उघडलंही होतं. पण बायकोने हाताने मला थांबवलं. तिच्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण पुढच्या पिढीच्या मराठीवर होतं, आणि मॅडमनी ते वाचलेलं होतं.

‘‘मॅडम, कंस बरोबर आहेत,’’ ती म्हणाली. शुद्ध, स्वच्छ मराठीत, एकेक शब्द वेगळा. ‘‘एक्कावन्न आणि पंचाहत्तर. तुम्ही पाहा. माझ्या मुलीला मराठी आकडे वाचता येत नाहीत.’’

मॅडमनी एक्कावन्न पाहिला, पंचाहत्तर पाहिला. दोन्ही जुळले. त्यांनी आणखी दोन-तीन पानं स्वतः उघडून तपासली, तीही जुळली. मग पेनाचं टोपण काढलं आणि सही केली. मुलगी खाली बघून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. मला आनंद व्हायला हवा होता, पण मला कोणाचा तरी खूप राग येत होता. कोणाचा ते ठरत नव्हतं.

विद्यापीठात गर्दी नव्हती. खिडकीवरच्या माणसाने पावती बघितली, प्रती मोजल्या, शिक्का मारला. यादी त्याने उघडलीसुद्धा नाही.

परत येताना रिक्षात मुलगी मध्ये बसली होती. आईकडे न बघता ती म्हणाली, ‘‘मम्मी, सबके सामने बोलना ज़रूरी था क्या?’’

बायकोने तिचा हात हातात घेतला. जिने वर्षानुवर्षं आमच्या गावातल्या मराठीचा एकेक शब्द टिपला, ती आपल्या पोरीला समजावं म्हणून हिंदीतच बोलली. ‘‘हाँ बेटा,’’ ती म्हणाली. ‘‘ज़रूरी था.’’